चांदण्या छापता छापता नोझलचं पितळ उघडं पडलं, हार्डन्ड स्टील कधी लावायचं?

श्रीरंग_नाशिक
मंडळी, जरा डोकं चालवा माझ्यासाठी. घरी एंडर ३ च्या जातीचा प्रिंटर आहे, ०.४ चं पितळी नोझल, बेडची उंची मोजणारा बीएलटच प्रोब लावलेला. दिवाळीत भाचीच्या खोलीच्या छताला लावायला ग्लो पीएलएच्या चांदण्या करून दिल्या, मग सोसायटीतल्या झाडून सगळ्या पोरांना त्या पाहिजे झाल्या, आणि असं करत एक किलोचं रीळ संपून दुसरं अर्ध्यावर आलं.

जानेवारीपासून पहिला लेअर चिकटेना. झेड ऑफसेट जरा खाली घेतला की दोन-चार दिवस बरं चालतं आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. तेव्हा -१.३५ होता तो आज -१.५६ वर आलाय. बेडच्या स्प्रिंगा बदलल्या, प्लेट साबणाने धुतली, रीळ सुकवून घेतलं. हल्ली चांदणीची टोकंही बोथट येतात, वरचा थर खरखरीत आणि मध्ये मध्ये जाळं. फिलामेंट देणारा म्हणतो, ग्लोने नोझल खाल्लं. आता प्लॅस्टिक पितळ कसं खाईल हे काय डोक्यात शिरेना. खरंच असं होतं का? आणि पुढे मला सायकलच्या दिव्याचा ब्रॅकेट कार्बन फायबरमध्ये करायचाय, तर आत्ताच हार्डन्ड स्टीलचं नोझल घ्यावं का?

चहाबाज
दीड किलो चांदण्या? सोसायटीचं छत आहे का आकाशगंगा 😄

संत्रानगरी
बेड लेव्हलच हाय भाऊ तुझा. माझं बी असंच होत होतं, काचेची प्लेट टाकली, विषय खतम. नोझल दोन-दोन वर्षं चालते, मी बदललीच नाही आजवर.

श्रीरंग_नाशिक
@संत्रानगरी तू ग्लो छापतोस का?

संत्रानगरी
नाही बा, साधं काळं पांढरं.

मृण्मयी_प्रिंट्स
मग दोन वर्षं चालणारच. साध्या पीएलएमध्ये पितळ झिजायला काही नसतं.

श्रीरंग, तुझा दुकानदार बरोबर सांगतोय, फक्त खाणारं प्लॅस्टिक नाही, त्यात मिसळलेली पावडर आहे. रात्रभर उजळणारी जी पावडर असते ती स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट, म्हणजे हजार डिग्रीच्या वर भट्टीत भाजलेली आणि मग फोडून बारीक केलेली सिरॅमिक. फोडलेली असल्यामुळे कण गोल नसतात, कोपरेवाले असतात, बारीक कचखडी म्हण. खनिजांच्या कठीणपणाच्या मापावर पितळ तीनच्या आसपास आणि ही सहाच्या आसपास. वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये ही खडी घालून ०.४ च्या भोकातून तू दीड किलो माल ढकललायस.

आणि गंमत अशी की कण जितका मोठा तितका उजेड जास्त, त्यामुळे जो फिलामेंट झकास चमकतो तोच नोझलला जास्त ओरबाडतो. पूर्वी जी झिंक सल्फाइडवाली ग्लो खेळणी यायची, पाच-दहा मिनिटांत मंद व्हायची, ती पावडर बरीच मऊ. तुझ्या चांदण्या मध्यरात्री पाणी प्यायला उठल्यावर दिसतात का? दिसत असतील तर कठीणवाली आहे. नुसता निऑन रंग, जो अंधारात काही करत नाही, तो नोझलला काहीही करत नाही.

श्रीरंग_नाशिक
पहाटे चारला दिसतात 😑

टूलरूम_काका
मी भोसरीत एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली, तुमच्या प्रिंटरमधलं मला फार कळत नाही, मुलाने आणून दिलाय म्हणून शिकतोय. पण एक शंका आहे. लॅपिंग करताना आम्ही लॅप मऊ घ्यायचो, तांब्याचा नाहीतर बिडाचा, आणि जॉब कठीण. पेस्टमधला दाणा मऊ लॅपमध्ये रुतून बसतो आणि कठीण जॉबला कापतो. लॅप त्यामानाने कमी झिजतो. मग तुमच्या ह्या नोझलमध्ये दाणा पितळात रुतून बसायला हवा आणि पितळ वाचायला हवं. उलटं कसं काय होतं?

मृण्मयी_प्रिंट्स
काका, मस्त प्रश्न. लॅपमध्ये दाणा दोन घट्ट पृष्ठभागांमध्ये दाबला जातो, रुतायला जागा आणि दाब दोन्ही मिळतं. इथे समोर दुसरा घट्ट पृष्ठभाग नाही, दाणा पातळ प्लॅस्टिकवर स्वार होऊन येतो, भिंतीला एक ओरखडा काढतो आणि पुढच्या सेकंदाला बाहेर. मागून दुसरा तयारच. म्हणजे लॅपिंगपेक्षा वाळू मारण्याच्या जवळचं आहे हे, किंवा ओढ्यातला खडक झिजतो तसं. एखादा दाणा रुतत असेलही, पण रांग संपत नाही ना.

टूलरूम_काका
हां, मग पटलं. सँडब्लास्टिंगच्या गनचं नोझल पण असंच मोठं होतं, तिथे म्हणून कार्बाइड वापरायचे. तरी मला वाटतं भोकाच्या तोंडाशी, जिथे वाट अरुंद होते तिथे, जास्त झिजत असेल.

मृण्मयी_प्रिंट्स
तिथे झिजतंच. पण सगळ्यात जास्त मार असतो तो टोकाला, बाहेरून, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. भोकाभोवती जी सपाट कडी असते ना, ती प्रत्येक थरावर आधीच्या थराला घासत जाते. त्या थरात वरती खडी डोकावतेय किंवा कार्बनचे तंतू उभे आहेत, म्हणजे नोझल अख्खा दिवस पॉलिश पेपरवर फिरतंय. इन्फिलच्या रेघा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे तर टोक ठेचकाळतच जातं.

त्यामुळे नोझल नुसतं मोठं होत नाही, आखूड होतं. श्रीरंगचा ऑफसेट दर आठवड्याला खाली का जातोय, तर बीएलटच जागच्या जागी आहे आणि नोझलचं टोक वर सरकतंय. -१.३५ वरून -१.५६, म्हणजे ०.२१. बेडच्या स्प्रिंगांनी झालं असतं तर कधी वर कधी खाली गेलं असतं, आणि प्रोब ते भरूनही काढतो. एकाच दिशेने हळूहळू सरकतंय म्हणजे झीज.

आतल्या भोकाची ०.४ ची सरळ नळी अगदी थोडी लांब असते, वर लगेच शंकू सुरू होतो. टोक घासत घासत त्या नळीचा शेवट गाठला की पुढे भोक एकदम मोठं व्हायला लागतं. म्हणून लोक म्हणतात, महिनाभर ठीक होतं आणि अचानक आठ दिवसांत बिघडलं.

चहाबाज
म्हणजे नोझल चंदनासारखं झिजलं आणि सोसायटीला सुगंधाऐवजी उजेड मिळाला.

लाकूडतोड्या
माझं पण नोझल सारखं जातं. वूड फिलामेंट वापरतो, दर दोन प्रिंटनंतर ब्लॉक. मीपण हार्डन्ड घेऊ का?

मृण्मयी_प्रिंट्स
तुझं झिजत नाहीये, तुंबतंय. लाकडाचा भुसा मऊ असतो, पितळाला त्याचं काही नाही. हार्डन्ड घेऊन तेही तुंबेल. तुझ्यासाठी वेगळा धागा काढ ना.

कोकणी_मेकॅनिक
श्रीरंग, खात्री करायची सोपी रीत सांगतो. एकच भिंत असलेला डबा छाप, कॅलिपरने भिंत मोज. स्लायसरमध्ये ०.४५ दिलंय आणि ०.५५ भरली तर भोक मोठं झालं. मी दर महिन्याला करतो.

मृण्मयी_प्रिंट्स
इथे मी असहमत. एक्स्ट्रूडर फिलामेंट मोजून ढकलतो, भोक ०.४ असो की ०.५५, तेवढाच माल बाहेर येणार आणि थराची उंचीही तीच. मग भिंतीची जाडी पण जवळपास तीच भरते. झिजलेल्या नोझलवर कॅलिपर अगदी निरागसपणे ०.४५ दाखवतो आणि आपण म्हणतो सगळं आलबेल. बिघडतं ते दुसरीकडे. भोक मोठं झाल्यावर आत दाब नीट बांधला जात नाही, कोपऱ्यावर रेघ वळायच्या ऐवजी घसरते, रिट्रॅक्ट केल्यावरही गळते म्हणून जाळं येतं. आणि टोकाची सपाट कडी वेडीवाकडी झाली की वरचा थर इस्त्री होत नाही, ओरखडला जातो.

कोकणी_मेकॅनिक
पण माझी भिंत खरंच जाड भरली होती मागे. मग नोझल बदललं, नीट झाली.

मृण्मयी_प्रिंट्स
कडा फाटल्यासारख्या असतील तर कॅलिपर फुगवट्यावर बसतो आणि जास्त दाखवतो, तसं झालं असेल. किंवा तू नोझलबरोबर अजून काही बदललं असशील. मी तुझं खोटं म्हणत नाहीये, फक्त ०.४५ आलं म्हणजे नोझल चांगलं असा अर्थ काढू नकोस एवढंच.

कोकणी_मेकॅनिक
बघतो. पटलंय असं म्हणणार नाही अजून 🙂

टूलरूम_काका
मोजायचंच तर गेजने मोजा ना. बारीक ड्रिल बिटं मिळतात, ०.४ आणि ०.५ ची. नोझल काढून, जाळून साफ करून, बिटाची मागची गुळगुळीत बाजू घालून बघा. ०.४ ची अगदी बसती जायला हवी. ०.५ ची सरळ आरपार गेली तर ते नोझल भंगारात. आणि मूळ तक्रार लांबी कमी झाल्याची असेल तर जुनं आणि त्याच पाकिटातलं नवं शेजारी शेजारी ठेवून कॅलिपर लावा. गो नो-गो करायला कशाला डबे छापताय.

श्रीरंग_नाशिक
काका 🙏 उद्या करतो. पाकिटातले चार नवे आहेत.

मृण्मयी_प्रिंट्स
थांब, नवं लावायच्या आधी एक. ऑफसेट -१.५६ तसाच ठेवून नवं लांब नोझल लावलंस आणि प्रिंट दिलीस तर बेड नांगरशील. आधी ऑफसेट वर घे, मग नोझल बदल, मग कागद घालून पुन्हा खाली आण.

```
M851 Z-1.00
M500
```

संत्रानगरी
हे माझ्या मित्रानं केलं होतं बे, नवीन पीईआय प्लेटवर इंग्रजी एस काढला नोझलनं. आता त्याच्या हरेक प्रिंटच्या बुडाला एस येते.

चहाबाज
सुपरमॅनची प्लेट म्हणून विकायला सांग.

स्वीडनचा_पाहुणा
मी स्टॉकहोमजवळ राहतो म्हणून राहवेना. इकडे उप्सालाच्या विद्यापीठात अँडर्स ओल्सन म्हणून एकजण बोरॉन कार्बाइड मिसळलेला फिलामेंट छापत होता, न्यूट्रॉन अडवायला लागतं ते. बोरॉन कार्बाइड म्हणजे हिऱ्याच्या मागोमाग येणाऱ्या मोजक्या कठीण पदार्थांतलं एक. पितळ तर सोडाच, स्टीलची नोझलंही उडायला लागली, तेव्हा त्याने पितळी नोझलच्या टोकाला माणकाचा खडा बसवला. तेच पुढे ओल्सन रुबी म्हणून विकायला आलं. माझ्याकडे आहे एक. उष्णता पितळासारखी वाहते आणि झिजत नाही.

श्रीरंग_नाशिक
किंमत?

स्वीडनचा_पाहुणा
ते विचारू नकोस. आणि ऐक, बेडवर आपटलं तर खडा टवका उडून जातो. माझ्या पहिल्याचा असाच उडाला, एकाच चुकीत. चांदण्यांसाठी हे म्हणजे पैठणी नेसून शेण सारवणं.

कोकणी_मेकॅनिक
माझ्या नव्या प्रिंटरमध्ये कंपनीनेच स्टीलचं नोझल दिलंय, स्टेनलेस. म्हणजे मी निवांत ना, कार्बन-बिर्बन काहीही टाका?

टूलरूम_काका
नाही हो. स्टेनलेस म्हणजे कठीण नव्हे, गंजत नाही एवढंच. घरातला डाव स्टेनलेसचा असतो, त्याने लाकूड तासता का? पितळापेक्षा जरा बरं, बस. हार्डन्ड म्हणजे टूल स्टील, त्याला पाणी दिलेलं, लोहार विळ्याला देतो तसं, फक्त भट्टीत मोजूनमापून. दोन्ही चकचकीत दिसतात पण जात वेगळी. बारीक कानस हळूच घासून बघा, हार्डन्डवर घसरते, स्टेनलेसवर पकडते. टोकाला नको, षटकोनाच्या बाजूला घासा.

मृण्मयी_प्रिंट्स
काकांना माझ्याकडून चहा. स्टेनलेसवर एखादं रीळ निघून जाईल, पण त्याला हार्डन्ड समजू नका. निकेलचा मुलामा दिलेल्या नोझलांचंही तेच, मुलामा गेला की आत तांबं-पितळच.

आता कार्बन फायबरचं. श्रीरंग, ग्लोला आणि कार्बनला मी वेगळा नियम लावते. मी पुण्यात ड्रोनवाल्यांची कामं करते, नायलॉन-कार्बन बरंच जातं. तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक, साधारण सात मायक्रॉनचा, आणि तुकडे केलेला. वितळलेल्या मालात ते प्रवाहाच्या दिशेने आडवे होतात आणि टोकाशी वळताना त्यांची तुटकी टोकं पितळ खरवडतात. ई३डीवाल्यांनी फार पूर्वी कलरफॅबच्या एक्सटी-सीएफ२० वर चालवलेलं पितळी नोझल दाखवलं होतं, पाव किलोतच त्याचं वाटोळं झालेलं.

पाव किलो म्हणजे अख्खं नोझल एकाच रिळाच्या मध्यात बदलतंय. चांदणीचं टोक बोथट आलं तर भाची काही म्हणणार नाही, पण ब्रॅकेटच्या दोन जोड्यांतली दुसरी जोडी पहिल्यासारखी बसायला हवी ना. म्हणून कार्बनला पितळ अजिबात नाही, पहिल्या ग्रॅमपासून हार्डन्ड, आणि जमलं तर ०.६ चं, तंतू अडकत नाहीत.

ग्लोला हिशोब बघायचा. भेट म्हणून एखादं कीचेन, शंभर-दीडशे ग्रॅम माल, तर जुनं पितळी नोझल डबीत 'ग्लो' लिहून ठेव, ते लाव, आणि त्याचं बारावं झालं की टाकून दे. अख्खं रीळ विकत घेतलंस की मात्र आधी हार्डन्ड. पितळी स्वस्त असतात हे खरं, पण तू जानेवारीपासून जो बेड धुतोयस त्याचे पैसे कोण धरणार?

श्रीरंग_नाशिक
हे काळजाला लागलं ताई. मग हार्डन्ड लावल्यावर साध्या पीएलएला परत पितळ लावायचं का, की तेच राहू द्यायचं?

स्वीडनचा_पाहुणा
परत लाव. हार्डन्ड उष्णता वाहून न्यायला पितळाच्या तिप्पट-चौपट वाईट, चकाकी जाते साध्या पीएलएची.

मृण्मयी_प्रिंट्स
राहू दे. पाच-दहा डिग्री वाढव, वेग जरा कमी ठेव. माझ्या तीन मशीनवर वर्षभर हार्डन्डच आहे. दर वेळी नोझल काढघाल करण्यात धाग्यांची वाट लागते ती वेगळीच.

स्वीडनचा_पाहुणा
सिल्क पीएलए छापून बघ हार्डन्डवर आणि मग बोल.

मृण्मयी_प्रिंट्स
सिल्क मी छापतच नाही, त्यामुळे तिथे तुझं बरोबर असू शकेल.

एक मात्र, श्रीरंगच्या मशीनमध्ये टेफ्लॉनची नळी थेट नोझलपर्यंत येत असेल. पीएलएला २१५-२२० पर्यंत काही नाही, पण नायलॉन-कार्बनला जे तापमान लागतं तिथे ती नळी जळायला लागते, २४० च्या पुढे जाऊच नको. ब्रॅकेट पीएलए-कार्बनमध्ये किंवा पीईटीजी-कार्बनमध्ये कर. उन्हात सायकल उभी राहणार असेल तर पीईटीजी.

श्रीरंग_नाशिक
रिपोर्ट आणलाय.

जुनं नोझल १२.७२, पाकिटातलं नवं १२.९५. म्हणजे ०.२३ आखूड, आणि ऑफसेट सरकला होता ०.२१! ०.५ चं बिट आरपार गेलं, वर हलवलं तर खडखडतंय. मोबाइलला भिंग लावून टोक बघितलं, सपाट कडी नावालाही नाही, भोक लंबगोल आणि एका बाजूला खाच. इतके दिवस मी स्प्रिंगांना शिव्या घालत होतो.

हार्डन्ड ०.४ आणलं. गरम करून, ब्लॉक पान्याने धरून घट्ट केलं. M851 आधी केलं, बेड वाचला. पहिली प्रिंट नेहमीच्या २०५ वर दिली तर थरांमध्ये बारीक फटी, एक्स्ट्रूडर टक टक करायला लागला. २१५ केलं, वेग ६० वरून ४५, नीट आली. टोकं चाकूसारखी, भाचीने बोट टोचून बघितलं. ऑफसेट -१.३३ वर बसला.

टूलरूम_काका
जुनं नोझल टाकू नका, उभं अर्धं कापून फोटो टाका इथे. आत कुठे जास्त गेलंय ते मला बघायचंय, तोंडाशी का टोकाशी. माझं अजून तोंडाशी म्हणणं आहे.

मृण्मयी_प्रिंट्स
कापाच. आणि श्रीरंग, जाताजाता एक्स्ट्रूडरचं झाकण उघडून दातेरी चाक बघ. ग्लो त्यालाही घासून जातो.

श्रीरंग_नाशिक
उघडलं. चाक पितळेचंच आहे, खाली पिवळी पूड साठलीये आणि दातांच्या मध्ये फिलामेंटच्या रुंदीची चारी पडलीये. म्हणजे ती टक टक नुसती तापमानाची नव्हती वाटतं? 😩

मृण्मयी_प्रिंट्स
दोन्ही मिळून असेल. स्टीलचं चाक मागव, तोवर अर्ध रीळ बाजूला ठेव.

चहाबाज
पितळ आत बाहेर सगळीकडून उघडं पडलं राव.

लाकूडतोड्या
सगळ्यांचं झालं असेल तर माझ्या तुंबण्याचं कोणी सांगेल का? वेगळा धागा काढला होता, एकही उत्तर नाही.

संत्रानगरी
०.६ ची लाव अन् प्रिंट थांबली की गरम नोझलमध्ये लाकूड भरून ठेवत नको जाऊ, करपून कोळसा होते त्याचा.